लग्न मेमध्ये, जाहिरात तुळशीच्या लग्नाला

एप्रिल-मे महिन्यात लग्नाच्या फोटोग्राफरची जाहिरात पाहून त्याच एप्रिल-मेमधलं लग्न त्याला मिळालं, असं क्वचितच घडतं. त्या दिवसांत ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी फोटोग्राफर कधीच ठरवलेला असतो. तरीही बहुतेक फोटोग्राफर याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त पोस्ट टाकतात आणि हातात पैसा खेळत असतो म्हणून जाहिरातही याच दिवसांत करतात. जूनमध्ये काम थांबलं की जाहिरात थांबते. नोव्हेंबरात पहिलं लग्न आलं की पुन्हा कॅमेऱ्यामागे उभं राहावं लागतं, मग जाहिरात पाहायला वेळ कुठला? थोडक्यात, जाहिरात स्वतःच्या कामाच्या वेळापत्रकावर चालते आणि गिऱ्हाईक मात्र त्याच्या घरातल्या वेळापत्रकावर निर्णय घेतं. या दोन वेळापत्रकांत साधारण चार-सहा महिन्यांचं अंतर आहे. लग्नाच्या फोटोग्राफीची जाहिरात अवघड होते ती या अंतरामुळे.

हे अंतर कसं तयार होतं ते आपल्याकडच्या लग्नाच्या क्रमातच दिसतं. मुलगा-मुलगी पसंत पडले, बैठक झाली, सुपारी फुटली. मग गुरुजी तीन-चार तारखा काढून देतात. त्यातली कुठली धरायची हे खरं तर मंगल कार्यालय ठरवतं, कारण चारपैकी तीन तारखांना मनासारखं कार्यालय मिळत नाही. कार्यालयाची पावती फाटली की तारीख पक्की. मग जेवणाचं बघायचं, म्हणजे केटरर किंवा आचारी. बऱ्याच कार्यालयांत केटरर ठरलेलाच असतो, तिथे तो प्रश्न पावतीबरोबरच सुटतो. त्यानंतर डेकोरेशन आणि फोटोग्राफर. मेंदीवाली आणि मेकअपवाली त्याही नंतर. म्हणजे फोटोग्राफरची चौकशी कार्यालयाच्या पावतीनंतर काही दिवसांत सुरू होते, आणि कार्यालय लग्नाच्या कितीतरी आधी घ्यावं लागतं. उन्हाळ्यातल्या लग्नांची कार्यालयं तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत भरत जातात. दिवाळीनंतरच्या लग्नांची मे महिन्यापासून गणपतीपर्यंत.

यात पंचांग आपली भर घालतं. कार्तिक शुद्ध द्वादशीला तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, असं आपण ढोबळपणे धरतो. पण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ही तिथी इंग्रजी तारखेत दर वर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२५ मध्ये तुळशीचं लग्न नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात होतं. २०२६ मध्ये ते २१ नोव्हेंबरला सुरू होतं, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. हंगामाची सुरुवातच जवळजवळ तीन आठवडे पुढे गेली. गेल्या वर्षी १ नोव्हेंबरला सुरू केलेली जाहिरात चालली म्हणून यंदाही १ नोव्हेंबरलाच सुरू केली, तर पहिला आठवडा दिवाळीच्या सवलतींच्या गर्दीत जातो. त्या दिवसांत टीव्हीपासून सोन्यापर्यंत प्रत्येक दुकानदार फेसबुक-इन्स्टाग्रामवर जागेसाठी बोली लावत असतो. ती जागा लिलावानेच मिळते, त्यामुळे ती महागते. आणि घरातली मंडळी त्या वेळी फराळात असतात, लग्नाच्या यादीत नसतात.

शिवाय अस्ताचा प्रश्न असतो. गुरू किंवा शुक्र सूर्याच्या इतका जवळ आला की दिसेनासा झाला, तर तो अस्तंगत मानतात आणि त्या काळात विवाहाचे मुहूर्त देत नाहीत. गुरूचा अस्त साधारण महिनाभर टिकतो, शुक्राचा पूर्वेकडचा अस्त दोन महिन्यांच्या आसपास. २०२४ च्या मे महिन्यात दोघेही एकाच वेळी अस्तंगत होते आणि ऐन मेमध्ये नेहमीचे मुहूर्तच नव्हते. लग्नं झाली, काढीव मुहूर्तांवर झाली, पण बरीच घरं एप्रिलमध्ये किंवा अस्तानंतर सरकली. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक महिना आहे, म्हणजे मेचा उत्तरार्ध कापला गेला. त्याआधी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत शुक्राचा अस्त होता. अशा वर्षी सगळा भार फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंतच्या थोड्या तारखांवर पडतो. एकाच तारखेला गावातल्या प्रत्येक कार्यालयात लग्न आणि प्रत्येक फोटोग्राफरला तीन-तीन फोन, असं होतं ते म्हणूनच. जाहिरातीचं पहिलं काम संगणकावर नसून पंचांगात आहे. पुढच्या वर्षाचं पंचांग बाजारात आलं की विवाहमुहूर्तांचं पान उघडायचं, आपल्या वहीत त्या तारखा उतरवायच्या, आणि प्रत्येकीपुढे लिहायचं: मोकळी, बोलणी चालू, गेली.

ही वही महत्त्वाची का? फोटोग्राफर जे विकतो ते फोटो नव्हे, तारीख. साडीवाल्याची आज न विकलेली साडी उद्या विकते. ११ मेची तारीख ११ मेनंतर कुणालाच विकता येत नाही, आणि एकदा विकल्यावर त्याच तारखेसाठी आलेल्या पुढच्या दहा चौकशा फुकट जातात. केटररला यात थोडी सवलत असते. माणसं आणि भांडी पुरत असतील तर तो एका दिवशी दोन-तीन ठिकाणी ताटं वाढू शकतो. त्याची अडचण वेगळी: नोव्हेंबरात ताटाचा दर कबूल करायचा आणि मेमध्ये तेल-तूरडाळीचा भाव काय असेल ते देव जाणे. फोटोग्राफरकडे एक चमू असेल तर एका तारखेला एकच लग्न. दुसरा चमू जोडता येतो, पण त्याचं काम आपल्या नावावर जातं, त्यामुळे शहाणे लोक ते जपून करतात.

आता एक हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून बघावेत. सांगलीतला एक फोटोग्राफर घ्या. त्याच्याकडे एक चमू: तो स्वतः, आणखी एक फोटोग्राफर, एक व्हिडिओवाला. हंगामात तो तीस लग्नं करू शकतो. अठरा ओळखीतून येतात, म्हणजे बारा जाहिरातीतून मिळवायची आहेत. एका लग्नाचे तो ८०,००० रुपये घेतो. माणसांची मजुरी, एडिटिंग, अल्बमची छपाई जाऊन हातात २५,००० राहतात. जाहिरातीला तो दिवसाला ५०० रुपये लावतो, महिन्याला १५,०००. जाहिरात दाबली की सरळ व्हॉट्सॲप उघडतं अशी ती आहे. एक चौकशी १५० रुपयांना पडते, म्हणजे महिन्याला शंभर चौकशा.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात आलेल्या शंभरांपैकी पस्तीस जण नुसतं "रेट काय?" विचारून गप्प होतात. त्यांच्यातले काही तर चुकून बोट लागून आलेले असतात, कारण व्हॉट्सॲपमध्ये संदेश आधीच लिहिलेला असतो, फक्त पाठवायचा असतो. उरलेले पासष्ट तारीख सांगतात. त्यातल्या दहा तारखा आधीच गेलेल्या. राहिले पंचावन्न. त्यातले पंधरा फोनवर नीट बोलतात किंवा स्टुडिओत येतात, आणि शेवटी सहा जण ॲडव्हान्स देतात. सहा लग्नांना १५,००० रुपये, एका लग्नाला २,५००. पंचवीस हजारांच्या मिळकतीसाठी हा खर्च कुणीही आनंदाने करेल.

पण हे सहा एकदम येत नाहीत. महिनाअखेर त्याच्या हातात दोनच ॲडव्हान्स असतात. उरलेले चार पुढच्या दोन महिन्यांत येतात: कुणाच्या व्याह्यांचं मत यायचं असतं, कुणाचा भाऊ बंगळूरहून संक्रांतीला येणार असतो, कुणी आणखी दोघांकडे विचारत असतो. महिनाअखेर हिशेब केला तर एका लग्नाला ७,५०० रुपये पडले असं दिसतं. "जाहिरात परवडत नाही" म्हणून बरेच जण इथे बटण बंद करतात. जाहिरातीची यंत्रणाही त्यांना सावरत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात साधारणपणे ती दाबल्यापासून सात दिवसांत जे घडलं तेच आपल्या खात्यात जमा धरते. दोन महिन्यांनी स्टुडिओत रोख दिलेला ॲडव्हान्स तिला दिसण्याचा प्रश्नच नाही. गूगलवर ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवता येते, पण तिथेही बुकिंग झालं हे आपण कळवावं लागतं.

आता फेब्रुवारी बघा. जाहिरात तीच, खर्च तोच, चौकशीचा दर तोच १५० रुपये, चौकशा शंभर. पासष्ट जण तारीख सांगतात, पण आता त्यातल्या चाळीस तारखा गेलेल्या आहेत. उरतात पंचवीस, आणि त्यातून तीन लग्नं मिळतात. खरा दर ५,००० रुपये, म्हणजे दुप्पट. गंमत अशी की फेब्रुवारीत लग्न जवळ आल्यामुळे लोक पटकन ठरवतात, तीनपैकी दोन ॲडव्हान्स त्याच महिन्यात येतात. म्हणजे महिनाअखेरच्या हिशेबात तुळशीच्या लग्नाचा महिना आणि फेब्रुवारी दोन्ही सारखेच दिसतात: दोन बुकिंग, ७,५०० रुपये. एक महिना प्रत्यक्षात दुसऱ्याच्या दुप्पट फायद्याचा आहे, हे त्या हिशेबात दिसतच नाही. मार्चमध्येही तीच जाहिरात चालू ठेवली तर जवळजवळ प्रत्येक चौकशीला "सॉरी, तारीख गेली" असं लिहीत बसावं लागतं आणि त्या नकाराचेही प्रत्येकी १५० रुपये मोजावे लागतात.

यावर उपाय म्हणजे हिशेबाची पद्धत बदलणं. ॲडव्हान्स कुठल्या महिन्यात आला ते न पाहता, ज्याने ॲडव्हान्स दिला त्याची पहिली चौकशी कुठल्या महिन्यातली होती ते पाहायचं आणि त्या महिन्याच्या खात्यात ते बुकिंग घालायचं. फेब्रुवारीत पैसे आले, पण माणूस डिसेंबरात आला होता, तर ते डिसेंबरचं. असं खातं ठेवलं की डिसेंबरचा निकाल फेब्रुवारीअखेर लागतो, त्याआधी नाही. तोवर जाहिरात बरी चालली आहे का हे बघायला एकच आकडा पुरतो: शंभर चौकशांतल्या किती जणांनी तारीख सांगितली, आणि त्यातल्या किती तारखा मोकळ्या होत्या. हे दोन्ही आकडे त्याच आठवड्यात कळतात. तारीख सांगणारे कमी झाले तर जाहिरात चुकीच्या माणसांना दिसते आहे. मोकळ्या तारखा कमी झाल्या तर आपला माल संपत आला आहे, जाहिरात थांबवायची किंवा बदलायची वेळ झाली.

बदलायची म्हणजे काय? "एप्रिलमध्ये दोन आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एक तारीख शिल्लक" असं स्पष्ट लिहायचं. ज्यांची तारीख वेगळी आहे ते आपणहून दाबत नाहीत. लोकांना वाटतं, ही घाई करवण्याची युक्ती आहे. ती खोटी असेल तर युक्तीच, आणि गावात ती लगेच कळते, कारण कार्यालयाच्या मॅनेजरला कुठल्या तारखेला कोण फोटोग्राफर आहे हे ठाऊक असतं. खरी असेल तर ती सरळ माहिती आहे. दुसरा मार्ग म्हणजे मुहूर्ताच्या तारखा संपल्यावर मुहूर्त न लागणाऱ्या कामांची जाहिरात करायची, प्री-वेडिंगची किंवा डोहाळजेवणाची. पैसे कमी, पण आठवड्यातला कुठलाही दिवस चालतो.

जाहिरात कुणाला दाखवायची, यात एक चूक इतकी सरसकट होते की तिच्यावर थोडं थांबायला हवं. सांगलीचा फोटोग्राफर नकाशावर सांगलीभोवती पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढतो. पण फोटोग्राफर शोधायचं काम घरात सहसा नवरी किंवा नवरा करतो, आणि ती हिंजवडीला नोकरीला असते, तो खराडीला. आईवडील सांगलीत, लग्न मिरजेच्या कार्यालयात आणि इन्स्टाग्राम पुण्यात. वर्तुळात नेमकी तीच माणसं नाहीत. म्हणून पुण्या-मुंबईत पंचवीस-तिशीतल्या लोकांना दाखवायची एक वेगळी जाहिरात हवी, आणि तिची पहिली ओळ अशी हवी: "सांगली-मिरजेत लग्न आहे?" पुण्यात जन्मलेला माणूस ती ओळ वाचून पुढे जाईल. सांगलीची मुलगी थांबेल. "लग्न ठरलेले लोक" अशी गिऱ्हाइकं यंत्रणेकडून मागण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे साखरपुडा झाल्यावर फेसबुकवर तशी नोंद करणारे किती? त्यापेक्षा जाहिरातीच्या वाक्यालाच गाळणी करायला लावलेलं बरं. जागा, महिना, कार्यालयाचं नाव. ओळखीच्या कार्यालयातल्या एका लग्नाचे फोटो दाखवून खाली त्या कार्यालयाचं नाव लिहिलं, तर तिथली पावती ज्याच्या घरात आहे तो थांबतोच. फोटो ज्यांचे आहेत त्यांची परवानगी मात्र बुकिंगच्या कागदावरच, वेगळी ओळ करून घ्यावी. लग्न झाल्यावर मागायला गेलं की नव्या सुनेपासून आत्यापर्यंत सगळ्यांची संमती लागते.

आता चौकशी आली. इथून पुढचं काम जाहिरातीचं नाही असं मानतात, आणि पैसे इथेच गळतात. पहिला प्रश्न बहुतेक वेळा "पॅकेज काय आहे?" हाच असतो. उत्तरादाखल बारा पानांची फाइल पाठवली की संवाद संपतो. समोरचा आकडा बघतो, इतर तिघांच्या फायलींशेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. आकडा लपवणंही चुकीचंच. "भेटल्यावर सांगतो" म्हटलं की माणसाला वाटतं, आपल्या ऐपतीचा अंदाज घेतोय. मधला रस्ता असा: "नमस्कार ताई. दोन दिवसांच्या लग्नाचे आमचे साधारण ६० ते ९० हजार होतात, फंक्शन किती आहेत त्यावर. तारीख आणि कार्यालय सांगाल का? तारीख मोकळी आहे का ते आधी बघून सांगतो." यात आकडाही आहे आणि तारीख मागण्याचं खरं कारणही. ज्याला साठ हजार परवडत नाहीत तो इथेच थांबतो, दोघांचा वेळ वाचतो. कार्यालयाचं नाव आलं की समजायचं, पावती फाटली आहे आणि हा माणूस खरा आहे. "अजून ठरायचंय" असं उत्तर आलं तरी तो खोटा नाही, फक्त लवकर आला आहे. त्याला वहीत वेगळ्या पानावर घ्यायचं आणि आठ-दहा दिवसांनी "कार्यालय मिळालं का?" एवढंच विचारायचं.

उत्तर किती लवकर द्यावं? त्याच संध्याकाळी, शक्यतो तासाभरात. माणूस एका बैठकीत चार जणांना संदेश टाकतो आणि ज्याचं उत्तर पहिलं येतं त्याच्याशी बोलणं सुरू होतं. अडचण अशी की हंगामात चौकशी येते तेव्हा फोटोग्राफर अंतरपाटाजवळ उभा असतो. त्या वेळेसाठी व्हॉट्सॲप बिझनेसमधला आपोआप जाणारा संदेश उपयोगी पडतो, पण त्यात "लवकरच संपर्क करू" असं न लिहिता "आज लग्नात आहे, रात्री ८ नंतर फोन करतो. तोवर तारीख आणि कार्यालय लिहून ठेवा" असं लिहावं, आणि रात्री आठनंतर खरंच फोन करावा. अनेक घरांत हे काम बायको किंवा धाकटा भाऊ करतो, आणि जे करतात त्यांचे हंगाम भरलेले दिसतात. परदेशातल्या मंडळींची गोष्ट निराळी. नाताळच्या सुट्टीत येऊन डिसेंबरात लग्न करायचं असतं, तिकिटं काढायची असतात, त्यामुळे तारीख फार आधी ठरते आणि संदेश आपल्या रात्री दोन वाजता येतो. त्यांना सकाळचं उत्तर चालतं, पण व्हिडिओ कॉलची वेळ त्यांच्या घड्याळाने द्यावी लागते.

सगळ्यात कठीण असतो मधला काळ. पहिलं बोलणं झालं, आकडा कळला, "घरी विचारून सांगतो" म्हणाले. इथे बहुतेक फोटोग्राफर दोन टोकं गाठतात. काही जण मानाने गप्प बसतात, काही दर दोन दिवसांनी "काय ठरलं सर?" विचारतात. "काय ठरलं" या प्रश्नाने समोरच्याला उत्तर देण्याचं ओझं येतं आणि ठरलेलं नसलं की तो टाळतो. त्याऐवजी प्रत्येक वेळी काहीतरी द्यावं. तिसऱ्या दिवशी, त्यांच्याच कार्यालयातल्या एखाद्या पूर्ण लग्नाचे फोटो: निवडक वीस नव्हे, हळदीपासून पाठवणीपर्यंतचा सलग अल्बम. निवडक वीस फोटो कुणाचेही सुंदर असतात. अल्बममध्ये पंगतीचे, मामाचे, रुसलेल्या करवलीचे फोटो कसे आलेत ते दिसतं आणि घरातली मोठी माणसं तेच बघतात. दहाव्या दिवशी, त्यांच्या मुहूर्ताबद्दल एखादी कामाची गोष्ट. गोरज मुहूर्त असेल तर अंधार पडत आलेला असतो, कार्यालयाचे पिवळे दिवे आणि बाहेरचा निळा उजेड यांचं मिश्रण चेहऱ्यावर येतं, म्हणून मांडवात एक जादा दिवा लावावा लागेल, त्याची सोय आम्ही करतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त आणि पत्र्याचं छत असेल तर नवरा-नवरीचे फोटो सकाळी नऊच्या आत उरकलेले बरे, नंतर घामाने मेकअप उतरतो. अशा संदेशाला लोक उत्तर देतात, कारण त्यात त्यांचंच लग्न असतं. आणि उत्तर देता देता "हळदीचं पण तुम्हीच कराल ना?" असं विचारतात. ठरलं याची ती खूण.

तारीख धरून ठेवण्याचा एक नियम असावा आणि तो सगळ्यांना सारखा असावा. बोलणी चालू असलेल्या घरासाठी तीन दिवस तारीख राखून ठेवायची, आणि दुसरी चौकशी आली की पहिल्याला कळवायचं: "तुमच्या तारखेला आज आणखी एक फोन आला आहे. तुम्ही आधी आलात, म्हणून शनिवारपर्यंत थांबतो." शनिवारी उत्तर आलं नाही तर सोडायची. इथे लाजून थांबणारे दोन्ही लग्नं घालवतात. पितृपक्षात मात्र हा नियम ताणू नये. त्या पंधरवड्यात चौकशी होते, ॲडव्हान्स येत नाही. कितीही पाठपुरावा केला तरी लोक घटस्थापनेपर्यंत थांबतात.

यंत्रणेच्याही काही मर्यादा ठाऊक असाव्यात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात आणि त्यातही ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पहिल्याच संभाषणात "नंबर सेव्ह करून ठेवा" म्हणणं हे नुसतं सौजन्य नाही. नाहीतर दोनशे जणांना पाठवलेला संदेश मोजक्यांनाच जातो आणि फोटोग्राफर समजतो, लोकांना रस नाही. उलट टोकाला, न विचारता शेकडो जणांना संदेश पाठवले आणि लोकांनी तक्रार केली की नंबरच बंद होतो, आणि मे महिन्यात धंद्याचा नंबर बंद होणं काय असतं ते सांगायला नको. फेसबुकवर फॉर्म भरून घेण्याची सोय आहे, त्यात नाव आणि नंबर आपोआप भरले जातात, म्हणून खूप फॉर्म येतात आणि फोन केल्यावर निम्मे म्हणतात, "आम्ही नाही भरला." तिथे लग्नाची तारीख आणि कार्यालय हे दोन प्रश्न हाताने लिहायला लावले तर फॉर्म कमी येतात, महाग पडतात आणि बहुतेक खरे असतात. स्वस्त फॉर्म मोजत बसण्यापेक्षा हे बरं.

जाहिरात पाहून इन्स्टाग्रामवर थांबलेली पण चौकशी न केलेली माणसं वर्षभरापर्यंत परत शोधता येतात, त्यांना वेगळी जाहिरात दाखवता येते. लांब मुदतीच्या या धंद्यात ही सोय फार कामाची आहे. पण गावाच्या पातळीवर अशी माणसं थोडीच असतात आणि तीच जाहिरात त्यांना रोज चार वेळा दिसली तर ती चिडतात. त्यासाठी दिवसाला पन्नास-शंभर रुपयेच ठेवावेत, उरलेले नव्या लोकांवर.

हे सगळं प्रत्येकाला हवंच असं नाही. ज्याच्या तारखा ओळखीतून भरतात त्याने जाहिरात करू नये. त्याने कार्यालयाच्या मॅनेजरला दिवाळीला मिठाई द्यावी, तेवढं पुरे. लहान गावात, जिथे लग्नाचं सगळं शब्दावर ठरतं, तिथे पाच हजारांच्या जाहिरातीपेक्षा गेल्या वर्षीचा अल्बम वेळेवर दिलेला जास्त काम करतो. अल्बम न मिळालेलं एक घर दहा चौकशा थांबवतं. पण ज्याला हंगामातल्या दहा-बारा तारखा बाहेरून भरायच्या आहेत त्याने दिवाळीच्या आधी नवं पंचांग आणावं, मुहूर्ताच्या तारखा वहीत लिहाव्यात, तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात जाहिरात सुरू करून जानेवारीअखेर आवरती घ्यावी, आणि ती परवडली की नाही हा निकाल मार्च संपल्याशिवाय देऊ नये.